आकृतीखालचं ४००× आणि स्केल बार: कांद्याच्या पापुद्र्याचं एक उदाहरण

प्रश्न: कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड बघून प्रयोगवहीत आकृती काढली आणि खाली ‘विशालन ४००×’ असं लिहिलं. वही परत आली तेव्हा शेरा होता, ‘हे आकृतीचं विशालन नाही. स्केल बार कुठे आहे?’ आयपीस १०×, ऑब्जेक्टिव्ह ४०×, म्हणजे ४००च ना? मग चुकलं काय? स्केल बार किती लांबीचा काढायचा हे कसं ठरवतात? आणि नावं देताना नेमकं काय दाखवायचं?

उत्तर:

गुणाकार बरोबर आहे, फक्त तो चुकीच्या जागी लिहिला गेलाय. ४०० हा आकडा सूक्ष्मदर्शकाचा आहे, कागदावरच्या चित्राचा नाही. सूक्ष्मदर्शकात ४०० पट दिसतं याचा अर्थ असा, की वस्तू नुसत्या डोळ्यांनी २५ सेंटीमीटरवरून जेवढी दिसली असती, त्याच्या ४०० पट मोठी ती डोळ्याला भासते. आयपीसवरचा १०× हा आकडा या २५ सेंटीमीटरच्या ठरीव अंतरावरूनच आलेला असतो. यात तुमची वही कुठेच नाही. तीच पेशी तुमच्या शेजारच्याने पाच सेंटीमीटर लांब काढली आणि तुम्ही बारा, तर दोघांच्या आकृतीखाली एकच विशालन कसं असेल?

ही चूक पट्टी घेऊन लगेच पकडता येते, आणि तपासणारे बहुधा तेच करतात. समजा तुमच्या आकृतीतली पेशी ४० मिलिमीटर लांब आहे आणि खाली ४००× लिहिलंय. ४० ला ४०० ने भागलं की ०.१ मिलिमीटर, म्हणजे १०० मायक्रोमीटर. तुमची वही सांगतेय की पेशी १०० मायक्रोमीटर लांब होती. प्रत्यक्षात ती २८० ची असेल, तर आकृती कितीही सुबक असली तरी तिच्याखालची माहिती खोटी ठरते.

म्हणून आधी पेशीची खरी लांबी हातात हवी. ती कळली की विशालन आणि स्केल बार, म्हणजे खरी लांबी दाखवणारी आकृतीखालची रेघ, या दोन्ही गोष्टी साध्या भागाकार-गुणाकाराने निघतात.

खरी लांबी मोजायला दोन पट्ट्या लागतात. एक आयपीसच्या आत बसवलेली काचेची गोल चकती, तिच्यावर बहुधा १०० भाग आखलेले असतात. या भागांना स्वतःचं असं काही माप नसतं, त्या नुसत्या रेघा आहेत. दुसरी म्हणजे स्टेज मायक्रोमीटर. ही स्लाइडसारखीच दिसते आणि तिच्यावर एक मिलिमीटरचे १०० भाग केलेले असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रोमीटर. (एककाचं आणि उपकरणाचं नाव एकच असल्याने घोळ होतो, म्हणून पुढे हिला मी स्टेजपट्टी म्हणतो.) स्टेजपट्टी फक्त आयपीसच्या पट्टीची किंमत ठरवण्यापुरती वापरायची, मग ती काढून नमुन्याची स्लाइड लावायची.

किंमत ठरवायची ती अशी. स्टेजपट्टी रेघांची बाजू वर करून लावा, आधी ४× ऑब्जेक्टिव्हवर रेघा शोधा, मग १०× ऑब्जेक्टिव्हवर या. आयपीस फिरवून दोन्ही पट्ट्या समांतर करा आणि दोन्हींच्या शून्याच्या रेघा एकमेकींवर आणा. आता उजवीकडे नजर नेत जा आणि पुन्हा कुठे दोन रेघा तंतोतंत जुळतात ते पाहा. जवळच्या जुळणीवर समाधान मानू नका, जितकी लांबची सापडेल तितकी वाचनातली चूक जास्त भागांत वाटली जाते. समजा १०× वर आयपीसचा ५० वा भाग स्टेजपट्टीच्या ४९ व्या भागावर बसला. ४९ भाग म्हणजे ४९० मायक्रोमीटर. त्याला ५० ने भागलं की आयपीसचा एक भाग ९.८ मायक्रोमीटर.

हेच ४०× वर पुन्हा करायचं. समजा तिथे आयपीसचे ८० भाग स्टेजपट्टीच्या २० भागांवर बसले. २०० भागिले ८०, म्हणजे एक भाग २.५ मायक्रोमीटर. ऑब्जेक्टिव्ह बदलल्यावर आयपीसमधली पट्टी दिसायला अगदी तशीच राहते, कारण ती आयपीसमध्येच बसलेली आहे. मोठी होते ती तिच्यामागची प्रतिमा. त्यामुळे प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला भागाची किंमत वेगळी. तसंच ऑब्जेक्टिव्हवर छापलेला आकडा तंतोतंत खरा असेलच असं नसतं, म्हणून एका सूक्ष्मदर्शकावर काढलेली किंमत दुसऱ्यावर वापरू नये. वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही किमती सूक्ष्मदर्शकाच्या क्रमांकासह लिहून ठेवल्या तर पुढे तोच सूक्ष्मदर्शक मिळाल्यावर हे काम पुन्हा करावं लागत नाही.

आता पापुद्रा. कांद्याच्या खवल्याच्या आतल्या, खोलगट बाजूचा पापुद्रा घ्या, पातळ आयोडीनचा थेंब टाका आणि बुडबुडा न अडकू देता कव्हरस्लिप ठेवा. १०× वर फिरवून घडी न पडलेली जागा शोधा. घडी पडली असेल तर भिंतींच्या रेघा एकमेकींना आडव्या-तिडव्या छेदताना दिसतात, आणि बऱ्याच वह्यांतली ‘विचित्र आकाराची पेशी’ ही खरं तर अशी दोन थरांची सरमिसळ असते. ठळक काळ्या काठाचे गोल म्हणजे हवेचे बुडबुडे, तेही पेशी म्हणून काढलेले मी पाहिले आहेत.

जी पेशी काढायची ठरवली आहे तीच मोजायची. हे वाक्य साधं वाटतं, पण इथेच बरेचजण घसरतात. दहा पेशी मोजून सरासरी काढतात आणि त्या सरासरीने आकृतीचं विशालन काढतात, जेव्हा आकृती असते अकराव्या पेशीची. सरासरी निरीक्षणांच्या तक्त्यात जाऊ द्या. आकृतीचं विशालन फक्त त्याच पेशीच्या मापावरून निघतं.

समजा निवडलेली पेशी १०× वर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २९ भाग भरली. २९ गुणिले ९.८ म्हणजे २८४.२ मायक्रोमीटर. हे वहीत तसंच लिहू नका. प्रत्येक टोकाला अर्धा भाग इकडेतिकडे होतोच, म्हणजे एकूण एका भागाची, जवळपास १० मायक्रोमीटरची अनिश्चितता आहे. त्यामुळे दशांश तर सोडाच, शेवटच्या ४ लाही अर्थ नाही. ‘सुमारे २८० मायक्रोमीटर’ हे प्रामाणिक उत्तर. रुंदी मात्र ४०× वर मोजली, कारण १०× वर ती सहा-सात भागच भरते आणि एका भागाची चूकही तिथे खूप मोठी ठरते. ४०× वर रुंदी २६ भाग आली, म्हणजे ६५ मायक्रोमीटर. केंद्रक ६ भाग, म्हणजे १५ मायक्रोमीटर.

इथे एक पडताळा घेऊन ठेवावा. तीच रुंदी १०× वरही वाचा. साडेसहा भाग गुणिले ९.८ म्हणजे साधारण ६४. दोन्ही ऑब्जेक्टिव्हवरची उत्तरं जुळली, म्हणजे किमती बरोबर वापरल्या. चुकून ४०× वरच्या २६ भागांना ९.८ ने गुणलं असतं तर रुंदी २५५ आली असती आणि पेशी जवळजवळ चौकोनी निघाली असती. डोळ्यांसमोर लांबट पेशी आणि वहीत चौकोनी आकडे असले, तर चूक नेमकी हीच असते.

आयपीसमध्ये पट्टीच नसेल तर? मग दृष्टिक्षेत्राचा, म्हणजे दिसणाऱ्या गोल भागाचा व्यास वापरायचा. आयपीसवर ‘१०×/१८’ असं काही लिहिलेलं असेल तर त्यातला १८ हा क्षेत्रांक. त्याला ऑब्जेक्टिव्हच्या आकड्याने भागलं की व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. १०× वर १.८ मिलिमीटर, ४०× वर ०.४५. क्षेत्रांक लिहिलेला नसला तर ४× वर पारदर्शक पट्टी ठेवून व्यास वाचा आणि बाकीचे त्या प्रमाणात काढा. १०× वर व्यासाच्या रेषेत साडेसहा पेशी टोकाला टोक लावून बसल्या, तर १८०० भागिले ६.५ म्हणजे २७७ मायक्रोमीटर. आपल्या २८० च्या जवळ आलं, पण ही सहा-सात पेशींची सरासरी आहे, तुम्ही काढलेल्या एका पेशीची लांबी नाही. ही पद्धत वापरली असेल तर तसं लिहा आणि मापामागे ‘अंदाजे’ लावा.

आता आकृती. आकृतीभोवती गोल काढायची सवय सोडा. तो गोल सूक्ष्मदर्शकाच्या नळीचा आहे, नमुन्याचा नाही, आणि त्यामुळे पेशी उगाच लहान काढाव्या लागतात. कोऱ्या पानावर, किमान अर्धं पान व्यापेल अशी, दोन-तीन शेजारी पेशींची आकृती काढा. टोकदार पेन्सिल आणि एकसंध रेघ वापरा. केसाळ, पुन्हापुन्हा गिरवलेली रेघ काढली की भिंत नेमकी कुठे आहे तेच कळत नाही, आणि मोजायचं कुठून कुठपर्यंत हा प्रश्न पुढे उभा राहतो. छटा देऊ नका. आयोडीनने केंद्रक पिवळसर तपकिरी दिसतं, म्हणून ते रंगवायची गरज नाही, रंग शब्दांत लिहा.

प्रमाण सांभाळायची युक्ती सोपी आहे. आधी मुख्य पेशीची लांबी पानावर ठरवा, मग रुंदी मोजमापावरून काढा. समजा मी पेशी ९८ मिलिमीटर लांब काढायची ठरवली. ९८ मिलिमीटर म्हणजे ९८,००० मायक्रोमीटर. त्याला २८० ने भागलं की ३५०. हे आकृतीचं विशालन, ×३५०. आता रुंदी ६५ गुणिले ३५०, म्हणजे २२,७५० मायक्रोमीटर, साधारण २३ मिलिमीटर. केंद्रक १५ गुणिले ३५०, जरासं ५ मिलिमीटरच्या वर. हे आकडे बाजूला लिहून घेतले की केंद्रक पेशीच्या निम्म्याएवढं काढायचा मोह आपोआप टळतो. पाठ्यपुस्तकातल्या ठसठशीत केंद्रकाची सवय झालेल्या हाताला पाच मिलिमीटर फारच छोटे वाटतात, पण स्लाइडवर ते तेवढंच आहे.

भागाकारात एककं एकच असली पाहिजेत. ९८ ला तसंच २८० ने भागून ०.३५ लिहिणारे असतात. विशालन एकापेक्षा कमी आलं म्हणजे तुमची आकृती खऱ्या पेशीहून लहान झाली, आणि ते शक्य नाही. तेवढ्यावरून चूक ओळखा, आणि मिलिमीटरला १००० ने गुणायचं राहिलं का ते पाहा.

स्केल बार आता एका ओळीचं काम. पेशीच्या लांबीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याच्या आसपासची, सुटसुटीत संख्या निवडा. इथे १०० मायक्रोमीटर ठीक. १०० गुणिले ३५० म्हणजे ३५,००० मायक्रोमीटर, अर्थात ३५ मिलिमीटर. आकृतीच्या खाली उजवीकडे पट्टीने बरोबर ३५ मिलिमीटरची आडवी रेघ मारा आणि तिच्याखाली १०० µm लिहा. रेघेवर ३५ मिलिमीटर लिहायचं नाही, ते ज्याला हवं तो स्वतः मोजेल. उलटा मार्गही काहीजण घेतात: आधी तीन सेंटीमीटरची रेघ मारतात आणि मग तिची किंमत काढतात. हिशोब चुकत नाही, पण बारखाली ८५.७ मायक्रोमीटर असा आकडा येतो आणि वाचणाऱ्याला त्यावरून काहीच पटकन मोजता येत नाही.

काढून झाल्यावर बार पेशीशेजारी नजरेने ठेवून पाहा. ९८ मध्ये ३५ साधारण २.८ वेळा बसतात, म्हणजे पेशी २.८ बार लांब, म्हणजे २८०. जुळलं. बार पेशीपेक्षा लांब किंवा नखाएवढा आला असता तर दहाच्या पटीत कुठेतरी घसरलो असतो.

मग विशालन आणि बार दोन्ही कशाला, असं वाटेल. वहीच्या मूळ पानावर दोन्ही एकच गोष्ट सांगतात. पण त्याच पानाची प्रत लहान करून काढली की ×३५० खोटं ठरतं, बार मात्र आकृतीसोबतच आक्रसतो आणि खरा राहतो. माझं मत विचाराल तर दोन्हींपैकी एकच ठेवायचं झालं तर बार ठेवावा.

नावांच्या बाबतीत नियम एवढाच, की दिसलं तेच दाखवायचं. या स्लाइडवर पेशीभित्तिका स्पष्ट दिसते. ती दोन रेघांनी दाखवा, कारण तिला जाडी आहे, आणि तीन पेशी जिथे मिळतात तो कोपरा नीट पाहून काढा. केंद्रक दिसतं, कडेने पेशीद्रव्याचा पातळ, कणीदार थर दिसतो. मधली मोठी मोकळी जागा रिक्तिकेची. तिचं पटल या स्लाइडवर वेगळं दिसत नाही, म्हणून त्यासाठी रेघ काढू नका, मोकळ्या जागेला नाव द्या. पेशीपटलाचंही तसंच. ते भित्तिकेला चिकटलेलं असतं आणि साध्या पाण्यातल्या स्लाइडवर वेगळं दिसतच नाही. मिठाच्या पाण्याने पेशीद्रव्य आकसवलं, तर भित्तिकेपासून सुटलेली त्याची कड दिसते, तेव्हा ते जरूर दाखवा. हरितलवकं या पापुद्र्यात नसतात. ‘वनस्पतीपेशी’ म्हणून सवयीने चार हिरवे ठिपके टाकले, की आकृती स्लाइडवरून नव्हे तर पुस्तकावरून काढलीय हे उघडं पडतं.

केंद्रकाबद्दल एक प्रश्न हमखास येतो. काही पेशींत ते कडेला दिसतं, काहींत अगदी मध्यभागी, मग रिक्तिका मध्ये असते हे खोटं का? खोटं नाही. केंद्रक बहुधा भित्तिकेलगतच्या पातळ थरातच असतं, फक्त तुम्ही पेशीकडे वरून बघताय. ते वरच्या किंवा खालच्या भिंतीला लागून असलं तर मध्यावर आल्यासारखं दिसतं. ४०× वर बारीक फोकसचं चाक हळू फिरवा. केंद्रक एका खोलीवर स्पष्ट होईल आणि कडेच्या भित्तिका दुसऱ्या. मध्यभागी दिसलं तर मध्यभागीच काढा आणि बाजूला टीप लिहा, ‘वरच्या भिंतीलगत’. अशा एका टिपेला मी सुंदर छटा दिलेल्या आकृतीपेक्षा जास्त गुण देईन.

नावांच्या रेघा पट्टीने, बाण न काढता, एकमेकींना न छेदता, आणि टोक त्या भागाला टेकलेलं असावं. पेशीद्रव्याची रेघ रिक्तिकेत जाऊन थांबली तर ती रिक्तिकाच ठरते. सगळी नावं उजवीकडे एका उभ्या ओळीत घेतली की वाचायला सोपं जातं.

आकृतीखालची ओळ या उदाहरणात अशी होईल:

‘कांद्याच्या खवल्याच्या आतल्या बाजूचा पापुद्रा, आयोडीन. निरीक्षण: आयपीस १०×, ऑब्जेक्टिव्ह १०× आणि ४०×. आकृतीचं विशालन ×३५०. मधल्या पेशीची लांबी सुमारे २८० µm, रुंदी ६५ µm.’

तुमचा ४०० हा आकडाही या ओळीत येऊ शकतो, पण तो निरीक्षण कसं केलं हे सांगणाऱ्या भागात, आकृतीच्या विशालनाच्या जागी नाही.

आकृतीऐवजी मोबाईलने आयपीसमधून फोटो काढला असेल, तर कोणताही × लिहू नका. कॅमेऱ्याचं झूम, पडद्याचा आकार, छपाई यांनी तो आकडा दर वेळी बदलतो. त्याऐवजी त्याच ऑब्जेक्टिव्हवर, त्याच झूमवर स्टेजपट्टीचाही एक फोटो घ्या. त्यात ५०० मायक्रोमीटरचं अंतर १६४० पिक्सेल भरलं, तर एका मायक्रोमीटरला ३.२८ पिक्सेल, आणि १०० मायक्रोमीटरचा बार ३२८ पिक्सेलचा. फोटोवर मोजमाप करणारं ImageJ हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर स्टेजपट्टीच्या फोटोवर ज्ञात अंतराची रेघ ओढून Analyze > Set Scale मध्ये ते अंतर भरा, Global वर खूण करा, मग पेशीच्या फोटोवर Analyze > Tools > Scale Bar. दोन फोटोंच्या मध्ये झूमला बोट लागलं तर हा सगळा हिशोब वाया जातो, म्हणून स्टेजपट्टीचा फोटो आधी एकदा आणि शेवटी पुन्हा एकदा काढा आणि दोन्हींतले पिक्सेल जुळतात का ते बघा. बार मूळ फोटोवरच बसवा, फोटो लहान-मोठा करायचा तो त्यानंतर.